हप्ता लहान आहे, पण महिना आमचा नाही

प्रति,
मा. केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : शेतमजूर आणि अल्पभूधारकांच्या पेन्शन योजनांतील हप्त्याची पद्धत

महोदय,

मी पुरंदर तालुक्यातल्या एका गावात राहते. घरची दोन एकर जमीन आहे, बहुतेक जिराईत. बारावीपर्यंत शिकले आहे आणि आकडेमोड बरी जमते, म्हणून गावातल्या तीन बचत गटांचे हिशेब माझ्याकडे आहेत. कोणाच्या हातात पैसा कधी येतो आणि कधी येत नाही, हे मला त्या वह्यांमधून दिसते. त्या आधारावरच हे पत्र लिहिते आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गावात पेन्शन नोंदणीचे शिबिर झाले. मंडप होता, फ्लेक्स होता, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन या अशी दवंडीही झाली. बोलणारे साहेब म्हणाले, "महिन्याला दोन-चार वडापाव कमी खाल्ले तर म्हातारपणी तीन हजार मिळतील." मंडपात अशा बायका बसल्या होत्या ज्यांनी २०१९ मध्ये हीच नोंदणी केली होती आणि ज्यांची खाती पुढे बंद पडली. ती का बंद पडली, हे त्यांना कोणी विचारले नाही. नव्या अर्जांचा आकडा लिहून घेतला आणि गाडी पुढच्या गावाला गेली. मला हे गप्प राहून बघवले नाही.

वाचणाऱ्यांसाठी योजना आधी थोडक्यात सांगते. प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना असंघटित कामगारांसाठी आहे आणि शेतमजूर त्यात येतात. प्रधानमंत्री किसान मानधन योजना दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे साधारण पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे. दोन्ही २०१९ मध्ये सुरू झाल्या. दोन्हींत १८ ते ४० या वयातच शिरता येते. हप्ता नोंदणीच्या वेळच्या वयावर ठरतो : १८व्या वर्षी महिन्याला ५५ रुपये, ४०व्या वर्षी २००. आपण भरू तेवढीच रक्कम केंद्र सरकार भरते आणि साठीनंतर महिन्याला ३००० रुपये मिळतात. पैसा आयुर्विमा महामंडळ सांभाळते. कागदावर यात खोट काढावी असे काही नाही, आणि सरकार निम्मा वाटा उचलते याबद्दल माझी तक्रारही नाही.

आता आमच्या गटातल्या एका बाईचा हिशेब सांगते. तिच्या घरी गुंठाभरही जमीन नाही. २०१९ मध्ये ती ३४ वर्षांची होती, म्हणून हप्ता १४० रुपये ठरला. पहिला हप्ता केंद्रावर रोख भरला आणि पुढचे बँक खात्यातून ऑटो डेबिटने, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापले जाणार होते.

तिचे वर्ष कसे जाते ते बघा. पाऊस वेळेवर झाला तर जून-जुलैत पेरणी आणि खुरपण असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाटाण्याचा तोडा सुरू होतो. आमच्याकडे मजुराच्या हातात सगळ्यात जास्त पैसा तेव्हाच येतो. नंतर सीताफळाची तोडणी, दिवाळी झाली की कांदा लागण. लागण उक्ती असते, टोळीने घेतलेली, म्हणून ते दिवसही बरे जातात. मार्चपर्यंत काढणी आणि काटणीचे थोडे काम मिळते. एप्रिल-मे पूर्ण कोरडे. त्या दोन महिन्यांत गावात टँकर येतो, रानात काम नसते, आणि नेमके तेव्हाच पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च समोर उभा असतो.

त्यातून मजुरी रोख मिळते. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मालक किंवा मुकादम हातावर नोटा ठेवतो, आणि बाजार झाला की त्यातले फारसे उरत नाही. बँक खाते पगाराचे नाही, त्यात आपोआप काही जमा होत नाही. म्हणजे १४० रुपये कापले जावेत म्हणून आधी तिने ते कोणाकडे तरी नेऊन भरायचे. गावातला बँकमित्र कधी असतो, कधी त्याचे मशीन अंगठा घेत नाही. नाहीतर सासवडला जायचे, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. १४० रुपये भरण्यासाठी त्याहून जास्त गमवायचे.

पहिले काही महिने तिने भरले. उन्हाळ्यात खात्यात पैसे नव्हते, हप्ता बाउन्स झाला. बँकेने बाउन्सचे २९५ रुपये कापायचे ठरवले आणि पुढच्या वेळी खात्यात पैसे आले तेव्हा ते कापलेही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोन वेळचे मिळून ५९० रुपये गेले. त्यात तिचे चार हप्ते भागून ३० रुपये उरले असते. सरकारने तिच्या नावावर जेवढे घातले, त्यातले बरेचसे बँकेने दंडाच्या नावाने परत ओढले, असाच याचा अर्थ होतो. पासबुकातल्या त्या ओळी तिने मला दाखवल्या तेव्हा तिला वाटत होते की पेन्शनवाल्यांनीच हप्ता वाढवला.

मग तिने खात्यात पैसे ठेवणेच बंद केले. कोणताही शहाणा माणूस हेच करील. खात्यात पैसा टाकला की दंड कापला जातो, एवढेच तिला अनुभवाने कळले होते. चौदा महिने असेच गेले. मी चौकशी केली तेव्हा समजले की खाते पुन्हा चालू करता येते, पण थकलेली सगळी रक्कम व्याजासकट एकरकमी भरावी लागेल. १४० गुणिले १४ म्हणजे १९६०, वर व्याज. ज्या बाईला महिन्याला १४० जमले नाहीत, तिने दोन हजार एकदम आणायचे. गटातून कर्ज देऊ का, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "म्हातारपणासाठी आत्ताच कर्ज काढू का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता ती चाळिशीच्या पुढे गेली आहे. जुने खाते बंद केले तर नव्याने शिरायला वय संपले. शिबिरात ती मंडपाच्या कडेला बसली होती, फक्त नाश्त्यासाठी, असे तिनेच हसत सांगितले.

माझी पहिली तक्रार इथेच आहे. हप्ता मोठा असल्यामुळे ती गळाली नाही. वर्षाला १६८० रुपये ती भरू शकते. वाटाण्याच्या तोड्यात आणि कांदा लागणीत तिने गटात त्याहून जास्त बचत टाकलेली माझ्या वहीत आहे. उन्हाळ्यात ती शून्य टाकते आणि गट तिला त्याबद्दल दंड करत नाही, कारण गटातल्या सगळ्यांनाच उन्हाळा माहीत आहे. योजनेने मात्र तिला महिन्याच्या पगारावर काम करणारी बाई समजून नियम केला. तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा हप्ता निवडता येतो असे आता सांगितले जाते. पण अर्ज भरताना केंद्रावर मुकाट्याने 'मासिक' टाकले जाते, आणि सहामाही निवडला तरी तारीख नोंदणीच्या दिवसावरून मोजतात. नोव्हेंबरमध्ये नोंदणी केली तर एक हप्ता नेमका मे महिन्यात येणार. कांदा काही आमच्या नोंदणीची तारीख बघून निघत नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. माझे यजमान सप्टेंबर २०१९ मध्ये किसान मानधनमध्ये आले, वय ३८, हप्ता १८०. त्यांनी अर्जातच संमती दिली होती की हप्ता पीएम किसानच्या पैशातून कापावा. दर चार महिन्यांनी दोन हजार येतात, त्यातले ७२० वळते होतात. एकदाही बाउन्स नाही, दंड नाही, बँकेची वारी नाही. आमच्या घरी म्हातारपणाची काळजी जास्त आहे म्हणून हे नीट चालले, असे काही नाही. सरकारचा पैसा येतो तिथूनच सरकारचा हप्ता कापला जातो, म्हणून चालले. सोय करायची म्हटली तर करता येते, हे यातून सिद्धच होते. पण ती सोय जमीन असणाऱ्याला मिळाली. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला पीएम किसान नाही, आणि म्हणून ही वाटही नाही. ज्याचे उत्पन्न जास्त बेभरवशाचे, त्याच्यावरच जास्त कडक नियम.

जमीन असणाऱ्यांतही सगळ्यांचे जमले असे नाही. माझ्या भावाचे उदाहरण घ्या. वडील २०२१ मध्ये गेले, वारस नोंद होऊन फेरफार त्यानंतर पडला. योजनेची अट अशी की १ ऑगस्ट २०१९ रोजी सातबाऱ्यावर नाव पाहिजे. त्या दिवशी सातबारा वडिलांच्या नावावर होता आणि तो कसत होता. जमीन तीच, कसणारा तोच, वय तेव्हा ३३. कोणाचा बाप कोणत्या तारखेला गेला यावर पेन्शन ठरावी, ही अट कोणी लिहिली मला माहीत नाही, पण ती अजून तशीच आहे.

दुसरी तक्रार दुष्काळाची. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर होता. दुष्काळ जाहीर झाला की सवलतींची यादी आम्हाला पाठ आहे : जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा फी माफ. यादी चांगलीच आहे. सोसायटी थांबते, महावितरण थोडे नमते, कॉलेजही फी सोडते. पेन्शनचा हप्ता मात्र दुष्काळातही ठरल्या तारखेला येतो आणि खात्यात नसला तर दंड घेऊन जातो. ज्या वर्षी राज्य सरकार स्वतः म्हणते की इथे पिकले नाही, त्याच वर्षी केंद्राच्या योजनेत हप्ता थकला म्हणून व्याज लागते. दोन्ही कागद सरकारचेच आहेत, म्हणून विचारते.

तिसरी तक्रार पैशाच्या मालकीची. दहा वर्षे व्हायच्या आत बाहेर पडले तर आपण भरलेली रक्कम बचत खात्याच्या व्याजाने परत मिळते, सरकारने घातलेला वाटा मिळत नाही. दहा वर्षांनंतर पण साठीच्या आधी बाहेर पडले तरी आपला वाटा आणि त्यावरचे व्याजच मिळते, एवढाच की ते व्याज थोडे बरे असू शकते. म्हणजे सरकारचा निम्मा वाटा खरा होतो तो फक्त साठीपर्यंत एकसारखे भरत राहणाऱ्याचा. आता सांगा, ५५ वर्षांच्या शेतमजूर बाईच्या घरी आजारपण आले, तिने एकवीस वर्षे भरून खाते मोडले, तर तिच्या नावावरचे सरकारचे पैसे कोणाचे? आणि नवरा-बायको दोघेही गेले तर उरलेला सगळा निधी परत योजनेत जातो, मुलांना काही नाही. अटल पेन्शनमध्ये निदान दोघांच्या पश्चात वारसाला जमा रक्कम मिळते. इथे तेवढेही नाही, आणि शिबिरात हे कोणी सांगत नाही. मी दोन वेळा उभी राहून विचारले, तेव्हा "ते सगळं अर्जाच्या मागे लिहिलंय" असे उत्तर आले. अर्जाची मागची बाजू कोरी होती.

चौथी गोष्ट तीन हजारांची. त्याच बाईने सगळे हप्ते भरले असते असे धरू. ३४ ते ६०, म्हणजे २६ वर्षे, ४३,६८० रुपये तिचे आणि तेवढेच सरकारचे. साठीनंतर महिन्याला तीन हजार. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर २६ वर्षांनंतरच्या तीन हजारांत आजचे ८४० रुपयांचे सामान येईल. १८व्या वर्षी शिरलेल्या पोराचे बघितले तर ४२ वर्षांनंतर तेच तीन हजार आजच्या चारशेच्याही खाली जातात. रकमेला महागाईशी कुठेही बांधलेले नाही. सरकारी नोकराच्या पेन्शनला महागाई भत्ता मिळतो, तो मिळावाच. पण बाजारात ज्वारी आणि तेल त्याला एका भावाने आणि आम्हाला दुसऱ्या भावाने मिळत नाही.

यात राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेची गाठ बसते. ६५ वर्षांनंतर ज्येष्ठांना सध्या महिन्याला १५०० मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत दाखवावे लागते. आमच्याकडे बाईची मजुरी साडेतीनशे आहे. साठ दिवस काम केले की २१,००० होतात. म्हणजे साठ दिवसांहून जास्त राबणारी बाई कागदावर सुखवस्तू. मग तलाठ्याकडून आणि तहसीलमधून दाखला मिळवताना सगळ्यांनाच खोटे बोलावे लागते, हे तालुक्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि जिने प्रामाणिकपणे मानधनचे हप्ते भरले, तिला वर्षाला ३६,००० पेन्शन येईल. ते उत्पन्न म्हणून धरले तर तिला श्रावणबाळ मिळणार नाही. भरणारीला दीड हजार हातचे जातील आणि न भरणारीला मिळतील. हे मी गटात समजावून सांगितले तेव्हा एका म्हातारीने विचारले, "मग भरायचं कशाला?" हा प्रश्न आपल्या दोन्ही सरकारांनी एकत्र बसून सोडवायचा आहे, कारण एक योजना एकाची आणि दुसरी दुसऱ्याची आहे.

महोदय, वाट नाही असे कोणी म्हणू नये, कारण पुण्यातच एक वाट पडलेली आहे. आमचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. तिथे आमची गोणी उतरवणारा हमाल माथाडी कायद्याखाली येतो. १९६९ चा तो कायदा आणि त्यामागे बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्यांची चळवळ. हमालाच्या मजुरीवर व्यापाऱ्याला लेव्ही भरावी लागते, ती मंडळाकडे जमा होते आणि त्यातून त्याचा भविष्य निर्वाह निधी चालतो. हमालालाही रोज सारखे काम नसते. म्हणून त्या कायद्याने तारीख धरली नाही, काम धरले. माल आला की लेव्ही, माल नाही तर नाही. हमालाने ते झगडून मिळवले आणि ते त्याच्या हक्काचे आहे. पण तोच कांदा ज्या बाईने वाकून लावला, काढला आणि काटला, तिच्या म्हातारपणासाठी विक्रीच्या पट्टीवर एक पैसाही लिहिलेला नसतो. हमाली, तोलाई, गाडीभाडे एवढेच लिहिलेले असते. कापायचे म्हटले तर कापता येते. उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होते, दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून पेंडीचे पैसे वळते होतात. आमच्याकडून घ्यायचे असते तेव्हा मोसम सगळ्यांना बरोबर कळतो.

म्हणून मागण्या सरळ सांगते.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची : मासिक हप्त्याऐवजी वार्षिक रक्कम धरा. ३४ वर्षांच्या मजुराने वर्षभरात १६८० रुपये, जमतील तेव्हा, जमतील तितक्या तुकड्यांत भरावेत. रोख भरता यावे, बचत गटामार्फत भरता यावे. ३० जूनपर्यंत पूर्ण झाले नाही तरच थकबाकी म्हणा. या योजनांच्या हप्त्यासाठी बाउन्सचा दंड कोणत्याही बँकेने घेऊ नये, आणि आजवर घेतलेला परत करावा. याला कायदा बदलायची गरज नाही, एक परिपत्रक पुरेल.

दुसरी : ज्या तालुक्यात राज्य सरकार दुष्काळ जाहीर करते, तिथे त्या वर्षाचा हप्ता सवलतींच्या यादीत घाला. त्या वर्षी मजुराचा वाटा सरकारने भरावा. तेवढे जमत नसेल तर निदान व्याज लावू नये आणि खाते बंद समजू नये.

तिसरी : बंद पडलेली खाती थकबाकी न मागता चालू करा, चाळिशी ओलांडलेल्यांचीही. जितकी वर्षे भरली तितक्या प्रमाणात पेन्शन द्या. पाच वर्षे भरणाऱ्याला सरकारच्या वाट्यावर काही हक्क मिळावा आणि तो दर वर्षी वाढत जावा. १ ऑगस्ट २०१९ ची अट वारस नोंदीने आलेल्या शेतकऱ्यांसाठी काढून टाका.

चौथी राज्य सरकारकडे : २१,००० ची मर्यादा मजुरीच्या आजच्या दराला धरून बदला, आणि मानधन योजनेची पेन्शन त्या उत्पन्नात धरू नका.

आणि पाचवी : बाजार समितीत विकल्या जाणाऱ्या मालावर खरेदीदाराकडून शेतमजूर पेन्शनसाठी लेव्ही घेता येईल का, याचा अभ्यास पुणे जिल्ह्यातल्या एका बाजार समितीपासून सुरू करा. ती शेतकऱ्याच्या पट्टीतून कापू नका, हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्यावर ढकलायला वेळ लागत नाही. मजूर कोण आणि कोणत्या शेतात किती दिवस, याची नोंद कशी ठेवायची हा अवघड भाग आहे, मला कल्पना आहे. माथाडी मंडळांनी तो पन्नास वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीने सोडवला होता.

महागाईशी जोडण्याची मागणी मी यादीत घातलेली नाही. पैसा लागेल, तुम्ही नाही म्हणाल. पण वरचा ८४० चा हिशेब तुमच्या शिबिरातल्या फ्लेक्सवर छापा, म्हणजे अर्ज भरणारी बाई काय विकत घेते आहे ते तिला कळेल.

आमच्या तिन्ही गटांची पुढची बैठक श्रावण सुरू व्हायच्या आधी आहे. पहिल्या मागणीवर तुमचे होय किंवा नाही, एका ओळीचे चालेल, तोवर मिळाले तर बैठकीत वाचून दाखवीन आणि वाटाण्याच्या तोड्याआधी कोणी किती बाजूला काढायचे ते ठरवता येईल.

आपली,
पुरंदर तालुक्यातील एका बचत गटाची हिशेबनीस